डीसी सिरीज मोटर आणि तिचा टॉर्क : प्रस्तावना

पाबळच्या परिसरात ज्या घरी जुना ट्रॅक्टर किंवा जुनी जीप आहे, त्या घरी बहुधा एक डीसी सिरीज मोटरही आहे. इंजिनाच्या कडेला बोल्टांनी आवळून बसवलेला सेल्फ स्टार्टर म्हणजेच ती. थंडीच्या पहाटे ऑइल घट्ट झालेले असते, पिस्टन जागचा हलायला तयार नसतो. अशा वेळी ती जागच्या जागी सगळा जोर लावते, इंजिन फिरते करते आणि बाजूला होते. दिवसातून तिचे काम काही सेकंदांचे. म्हणून तिच्याकडे लक्ष जाते ते फक्त ती बिघडली तर. पुढील पानांचा विषय ही मोटर आणि तिचा टॉर्क सांगणारे एक छोटे सूत्र आहे. याच सूत्राच्या भरवशावर १९२९ पासून विजेची इंजिने बोरघाट चढू लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे स्टार्टरकडे पाहण्याची नजर थोडी बदलेल, अशी आशा आहे.

पाबळमध्ये हा विषय मांडताना एक सोय आपोआप मिळते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये येथे विज्ञान आश्रम सुरू केला, तो काम करता करता शिकण्याच्या विचारावर. वस्तू आधी हातात घ्यायची, तिचे तत्त्व त्यातून उलगडू द्यायचे. वाचकांनी या विषयातही तोच क्रम ठेवावा, असे माझे मत आहे. सूत्र पाठ करून मोटर समजत नाही. मोटर उघडून पाहिलेल्या माणसाला मात्र सूत्रातील प्रत्येक अक्षर ओळखीचे वाटते.

तेव्हा एखादा निकामी स्टार्टर मिळवा आणि खोला. बाहेरच्या पोलादी नळीच्या आतल्या अंगाला चार लोखंडी पोल बसवलेले दिसतील आणि त्यांच्याभोवती तांब्याची जाड, चपटी पट्टी मोजक्या वेढ्यांत गुंडाळलेली असेल. ही फील्ड कॉइल. मधोमध फिरणारे आर्मेचर, त्याच्या एका टोकाला कम्युटेटर आणि त्यावर टेकणारे ब्रश. आता बॅटरीच्या जाड केबलपासून वाट शोधत चला. करंट आधी फील्डच्या पट्टीतून जातो आणि तोच करंट ब्रशमधून आर्मेचरमध्ये शिरतो. या दोघांना वेगवेगळी वाट नाही. शंट मोटरमध्ये याच्या उलट असते: तिची फील्ड कॉइल बारीक तारेच्या शेकडो वेढ्यांची, थेट सप्लायवर जोडलेली, आर्मेचरमध्ये काय चालले आहे याची फारशी दखल न घेणारी. जाड पट्टी आणि थोडे वेढे दिसले की समजावे, हे फील्ड आर्मेचरचा पूर्ण करंट वाहणारे आहे. पुढचे सगळे या एका जोडणीतून निघते. (काही नव्या गाड्यांच्या स्टार्टरमध्ये फील्ड कॉइलऐवजी कायमचे चुंबक असतात, त्यांना इथला हिशेब लागू नाही.)

आता सूत्राकडे. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तारेतून करंट गेला की तारेवर बल येते. क्षेत्र जितके तीव्र आणि करंट जितका मोठा, तितके बल मोठे. आर्मेचरवर अशा अनेक तारा आहेत आणि प्रत्येकीवरचे बल आसापासून काही अंतरावर लागते. त्या सगळ्यांच्या पिळाची बेरीज म्हणजे टॉर्क. ती बेरीज अशी येते:

T = (P Z / 2πA) Φ I

यात P म्हणजे पोलची संख्या, Z म्हणजे आर्मेचरवरील तारांची संख्या, A म्हणजे आर्मेचरमध्ये करंटला मिळणाऱ्या समांतर वाटा. मोटर एकदा बनली की ही तिन्ही अक्षरे गोठली. उरतात दोनच बदलणाऱ्या राशी: दर पोलचा फ्लक्स Φ आणि आर्मेचरचा करंट I. म्हणून हे सूत्र T = kΦI असे लिहिले तरी चालते, आणि ते कोणत्याही डीसी मोटरला लागू आहे. सिरीज मोटरचे वेगळेपण इथून पुढे सुरू होते. तिच्यात फ्लक्स तयार करणारा करंटही तोच I आहे. पोलचे लोखंड चुंबकत्वाने भरून जात नाही तोवर Φ हा I च्या प्रमाणात वाढतो, आणि टॉर्क करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. करंट दुप्पट, तर टॉर्क चौपट. शंट मोटरमध्ये फ्लक्स जवळजवळ ठरलेला असल्याने तिथे करंट दुप्पट केला तर टॉर्कही फक्त दुप्पट होतो.

वर्गाचा हा नियम खरा आहे की नाही, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. स्टार्टरला जाणाऱ्या बॅटरीच्या दोन तारा उलटसुलट केल्या, तर तो उलटा फिरेल का? नाही, त्याच दिशेने फिरेल. करंटची दिशा बदलली तसा फ्लक्सही उलटला आणि दोन उलट्यांचा गुणाकार सुलटच येतो. दिशा बदलायची तर फक्त फील्डची किंवा फक्त आर्मेचरची टोके बदलावी लागतात. स्वयंपाकघरातील मिक्सर आणि वर्कशॉपमधील हँड ड्रिल एसीवर चालतात, तेही याच कारणाने. त्यांच्यातली मोटर याच कुळातली आहे. करंट दर सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलत असतो, पण टॉर्क कायम एकाच बाजूचा राहतो.

वर्गाचा नियम दुरुस्तीच्या कामातही उपयोगी पडतो, आणि हे उदाहरण वाचकांनी सावकाश वाचावे. समजा १२ व्होल्टच्या बॅटरीवर स्टार्टर जोडला आहे, आणि बॅटरीचा अंतर्गत रोध, केबल आणि मोटर मिळून एकूण रोध ०.०३ ओहम आहे. आर्मेचर अजून हललेले नसताना करंट येतो १२ ÷ ०.०३, म्हणजे ४०० अँपिअर. आता बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला आणि त्या जोडात आणखी ०.०३ ओहमची भर पडली. करंट निम्मा होऊन २०० अँपिअरवर आला. टॉर्क मात्र निम्म्यावर थांबत नाही, तो पाव हिश्शाकडे घसरतो. हेडलाइट नीट लागतात, हॉर्न वाजतो, त्यामुळे बॅटरी चांगली वाटते. पण सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ आवाज. अशा वेळी स्टार्टर काढून रिवाइंडिंगला नेण्याआधी मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, दुसरा तिच्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आपल्या उदाहरणात २०० × ०.०३, म्हणजे ६ व्होल्ट तिथेच अडकलेले दिसतील. चांगल्या जोडावर हे रीडिंग एका व्होल्टच्या लहानशा अंशाएवढेच असते. क्षार खरवडून क्लॅम्प आवळला की झाले.

हे झाले ‘टॉर्क किती’ याचे उत्तर. पण वेगाचे काय? बहुतेक पुस्तकांत विद्यार्थी पहिल्या सूत्रावरच थांबतात आणि सिरीज मोटर म्हणजे ताकदवान मोटर, असा अर्धा समज घेऊन बाहेर पडतात. माझ्या मते दुसरे सूत्र शेजारी ठेवल्याशिवाय पहिल्याचा अर्थ पूर्ण होत नाही. आर्मेचर फिरू लागले की त्याच्या तारा फ्लक्सला छेदतात आणि त्यांच्यात सप्लायच्या विरोधात एक व्होल्टेज तयार होते. त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. ते फ्लक्स आणि वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. सप्लायच्या व्होल्टेजमधून रोधात खर्च होणारा थोडा भाग वजा केला की उरते ते हेच:

E = V − IR, आणि वेग N ∝ E / Φ

म्हणजे फ्लक्स जितका वाढेल, तितका वेग घटेल. सिरीज मोटरवर भार वाढला की करंट वाढतो, करंटाबरोबर फ्लक्स वाढतो, आणि वेग आपोआप खाली येतो. ओझ्याच्या गाडीला जुंपलेले बैल चढावर पाऊल आखडतात आणि ओढ वाढवतात, तसेच हे आहे. मोटर वेग सोडते आणि त्याच्या बदल्यात जोर घेते, तोही कुणी हँडल न फिरवता.

या अदलाबदलीची खरी किंमत कळायची असेल तर बोरघाटात जावे. कर्जत ते लोणावळा या वाटेवर १ ला ३७ असा चढ आहे: ३७ मीटर पुढे गेले की गाडी एक मीटर उंच चढलेली असते. सपाट रुळावर सावकाश चाललेल्या गाडीला दर टनामागे साधारण ४-५ किलोची ओढ पुरते. १ ला ३७ चढावर त्यात टनामागे २७ किलोची भर पडते, कारण १००० ला ३७ ने भागले की तेवढेच येतात. ४०० टनांची गाडी घेतली, तर सपाटीवर पुरणारी दोन टनांच्या आसपासची ओढ घाटात बारा-तेरा टनांवर जाते. एकाच प्रवासात एकाच मोटरीला इतका मोठा फरक पेलायचा असतो.

मुंबईत १९२५ मध्ये कुर्ला मार्गावर पहिली विजेची गाडी धावली. पुढच्या काही वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १५०० व्होल्ट डीसीची तार घाट ओलांडून पुण्यापर्यंत आणली. घाटातील मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंडमधील विंटरथुरच्या कारखान्यातून आणि इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीतून खास इंजिने आली. मध्ये केबिन आणि दोन्ही बाजूंना लांब नाकाडे अशा या २६०० अश्वशक्तीच्या इंजिनाला लोक ‘खेकडा’ म्हणत. पुढे त्याचे अधिकृत नाव डब्ल्यूसीजी-१ झाले. त्याच्या पोटात चार सिरीज मोटारी होत्या.

आता सिरीज आणि शंट यांची तुलना आकड्यांत करू. पुढची मोटर खेकड्याची नाही, हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून मनाने घेतलेली आहे. सप्लाय ७५० व्होल्ट, आर्मेचर आणि फील्ड मिळून रोध ०.२ ओहम, सपाटीवर करंट २०० अँपिअर, वेग मिनिटाला ६०० फेरे. रोधात ४० व्होल्ट गेले, बॅक ईएमएफ ७१० व्होल्ट. टॉर्क येतो सुमारे २२६० न्यूटन-मीटर, आणि तारेतून घेतलेली शक्ती १५० किलोवॅट.

चढ लागला आणि टॉर्क दुप्पट लागू लागला. सिरीज मोटरमध्ये टॉर्क करंटच्या वर्गाने वाढतो, म्हणून करंट दुप्पट व्हायची गरज नाही, १.४१ पट, म्हणजे सुमारे २८३ अँपिअर पुरतो. फ्लक्सही १.४१ पट झाल्याने वेग ६०० वरून ४१५ च्या आसपास उतरतो. शक्तीची मागणी २१२ किलोवॅट. याच जागी तेवढ्याच क्षमतेची शंट मोटर असती, तर तिला ४०० अँपिअर लागले असते. तिचा वेग मात्र ५६५ च्या आसपास टिकून राहिला असता, आणि तो टिकवण्यासाठी तिने तारेतून ३०० किलोवॅट ओढले असते. घाटात एका वेळी अनेक मोटारी चढत असतात. प्रत्येकीने दुप्पट शक्ती मागायची की दीडपटीहून कमी, यावर सबस्टेशन किती मोठे बांधायचे आणि तार किती जाड घ्यायची हे ठरते. मंदावणे हा इथे मोटरचा गुण आहे.

आणखी एक गोष्ट घाटात महत्त्वाची ठरते. गाडी सबस्टेशनपासून दूर असली की तारेतच व्होल्टेज गळते. शंट मोटरचे फील्ड व्होल्टेजवर जगत असल्याने तिचा फ्लक्सही तेवढा लंगडा पडतो. सिरीज मोटरच्या टॉर्क-सूत्रात व्होल्टेज कुठेच नाही. करंट मिळाला की टॉर्क मिळाला. व्होल्टेज घसरले तर फक्त वेग कमी होतो. स्टार्टर मारताना बॅटरीचे व्होल्टेज बरेच खाली येते, तरी तो इंजिन फिरवू शकतो, त्याचेही कारण हेच.

गाडी जागची हलवताना मात्र एक नवी अडचण येते. आर्मेचर थांबलेले असेल तर बॅक ईएमएफ शून्य. आपल्या मोटरीला सरळ ७५० व्होल्ट दिले, तर करंट ३७५० अँपिअर होईल आणि कम्युटेटर जळून जाईल. सुरुवातीचा करंट ३०० अँपिअरवर रोखायचा असेल तर एकूण रोध अडीच ओहम हवा, म्हणजे बाहेरून २.३ ओहमचे रेझिस्टन्स जोडावे लागतात. वेग वाढेल, बॅक ईएमएफ चढेल, तसतसे ते टप्प्याटप्प्याने काढत जायचे. हे रेझिस्टन्स पहिल्या क्षणी दोनशे किलोवॅटहून अधिक शक्ती नुसत्या उष्णतेत घालवतात. म्हणून मुंबईच्या जुन्या डीसी लोकलमध्ये चार मोटारी आधी एका माळेत जोडल्या जात, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला कमी व्होल्टेज येई, आणि गाडीने वेग घेतला की दोन-दोनच्या दोन माळा होत. ज्यांनी त्या लोकलमधून प्रवास केला आहे, त्यांना सुटताना बसणारे छोटे हिसके आठवत असतील. प्रत्येक हिसका म्हणजे एक रेझिस्टन्स बाजूला झाल्याची खूण होती.

त्या ३०० अँपिअरला टॉर्क किती मिळेल? वर्गाच्या नियमाने दीडचा वर्ग, म्हणजे सव्वादोन पट. प्रत्यक्षात मात्र एवढा मिळत नाही. लोखंड चुंबकत्वाने भरत आले की करंट दीडपट झाला तरी फ्लक्स समजा १.२ पटच होतो. मग टॉर्क १.८ पट. करंट आणखी वाढवत गेलात तर फ्लक्स जवळजवळ थांबतो आणि टॉर्क नुसत्या करंटच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सिरीज मोटर शंटसारखी वागू लागते. T ∝ I² हे वाक्य म्हणूनच अटीसह लक्षात ठेवावे. तरीही शंटच्या दीडपटीपुढे १.८ पट हा फायदा लहान नाही. आणि टॉर्क कितीही मिळाला तरी शेवटचा शब्द चाक आणि रूळ यांच्या घर्षणाचा असतो. त्यापलीकडे जोर लावला की चाक जागीच घसरते. खेकड्याची चाके दांड्यांनी एकमेकांना जोडलेली होती, त्यामुळे एखादेच चाक एकटे घसरू शकत नसे.

आता या मोटरचा धोका. भार कमी झाला की करंट घटतो, फ्लक्स घटतो आणि वेग चढतो. आपल्या उदाहरणातील मोटरीवर टॉर्क एक-सोळांश उरला, तर करंट ५० अँपिअर आणि वेग मिनिटाला अडीच हजार फेरे. भार जवळजवळ शून्य होऊन करंट १० अँपिअरवर आला, तर कागदावर उत्तर बारा हजारांच्या वर जाते. त्या वेगाला पोचण्याआधीच आर्मेचरच्या तारा खाचांतून उखडून बाहेर येतात. म्हणून सिरीज मोटर पट्ट्याने कधी जोडत नाहीत. पट्टा निसटला की ती मोकळी सुटते. तिला भाराशी गिअरने किंवा थेट शाफ्टनेच बांधतात. सुट्या केलेल्या स्टार्टरची टेबलावर चाचणी घ्यायची झालीच, तर ती शिकंज्यात घट्ट धरून, दोन-तीन सेकंदांपुरतीच घ्यावी. मोठ्या सिरीज मोटरची तर भाराशिवाय चाचणी घेऊच नये.

उचलण्याच्या कामाला हीच मोटर का, हे आता फार सांगावे लागणार नाही. शिरूर तालुक्यात विहीर खोदताना यारी चालते. ती सहसा डिझेल इंजिनावर असते, पण तिच्या कामाचा स्वभाव पाहा: दगडांनी भरलेली बादली तळातून सुटताना सगळा जोर पहिल्या क्षणी लागतो, आणि रिकामी बादली मात्र झटपट हलावी असे वाटते. कारखान्यांतील डीसी क्रेनवर सिरीज मोटर बसवतात ती नेमकी यासाठी. जड ओझे सावकाश आणि जोराने उठते, रिकामा हुक भरभर वर जातो. गिअरबॉक्स आणि दोर यांचा घर्षणभार कायम असल्यामुळे हुक रिकामा असला तरी मोटर मोकळी सुटत नाही.

ओझे खाली सोडताना मात्र चित्र उलटते, आणि नवख्या वाचकाने इथे सावध राहावे. आता ओझेच मोटरीला फिरवत असते. सिरीज मोटर आपल्या साध्या जोडणीत त्याला आवरू शकत नाही, कारण भार हलका होताच तिचा फ्लक्स विरतो. म्हणून क्रेनमध्ये ओझे उतरवताना फील्ड वेगळ्या वाटेने चालू ठेवण्याची जोडणी करतात. शिवाय शाफ्टवर स्प्रिंगचा ब्रेक असतो, आणि त्याला उघडणारी कॉइल मोटरच्याच माळेत जोडलेली असते. वीज गेली की करंट गेला, कॉइल सुटली, स्प्रिंगने ब्रेक बसला, ओझे हवेतच थांबले. घाट उतरणाऱ्या इंजिनाला मोटरीकडून वीज परत तारेत पाठवायची असेल तर तीच अडचण येते, आणि उपायही तोच: फील्डला वेगळा करंट पुरवणे.

मुंबई आणि घाटातील डीसी तार आता गेली आहे, तिथे २५ हजार व्होल्टची एसी तार आहे. तरी सिरीज मोटर तारेबरोबर गेली नाही. डब्ल्यूएजी-७ सारखी मालगाडीची इंजिने एसी तारेखाली धावतात, पण आत रेक्टिफायर बसवून डीसी सिरीज मोटारीच चालवतात. त्याहून नव्या इंजिनांत थ्री-फेज मोटर आली. तिला टॉर्क आणि वेग यांचा हाच व्यवहार इलेक्ट्रॉनिक्सकडून शिकवावा लागतो.

वाचकांनी पुढील प्रकरणे वाचताना एक आलेखाचा कागद जवळ ठेवावा. आडव्या अक्षावर करंट घ्या आणि वरच्या उदाहरणातील मोटरीचा टॉर्क आणि वेग ५० अँपिअरपासून ३०० अँपिअरपर्यंत स्वतः काढा. एकदा फ्लक्स सरळ रेषेत वाढतो असे धरून, आणि एकदा २०० अँपिअरनंतर तो मंदावतो असे धरून. मुंबईला जाणे झाले तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक खेकडा ठेवला आहे, तो अवश्य पाहा आणि त्याच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्या बाहेरून मोजा. तिसऱ्या प्रकरणात त्या दांड्यांमधून जाणाऱ्या बलाचा हिशेब आहे.